बंदी ते सक्ती : पॅरिसच्या वर्गातला अ‍ॅरिस्टॉटल

इ.स. १२१० मध्ये पॅरिसला बिशपांची सभा भरली आणि तिने एक कडक हुकूम काढला. अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आणि त्यांवरची भाष्ये या शहरात कोणीही उघडपणे किंवा चोरून शिकवायची नाहीत. शिकवील तो धर्मबहिष्कृत. ही नुसती धमकी नव्हती. पाखंडी ठरवलेल्या दहा जणांना त्याच वर्षी पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले होते.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १२५५ च्या मार्च महिन्यात, त्याच शहरातल्या अध्यापकांनी एक नियमावली मंजूर केली. कोणत्या ग्रंथाला किती आठवडे द्यायचे याचे ते वेळापत्रकच होते. बंदी घातलेले जवळजवळ सगळे ग्रंथ त्या यादीत होते. अध्यापक ते घाईघाईने उरकतात, ही आता तक्रार होती. त्यांनी ते मुळात शिकवूच नयेत, हा मुद्दा कुठल्या कुठे गेला होता.

या पंचेचाळीस वर्षांत दोन गोष्टी एकमेकींत गुंतत गेल्या. एक, विद्यापीठ नावाची नवी संघटना. दुसरी, अरबी आणि ग्रीक भाषांतून लॅटिनमध्ये आलेली पुस्तके. पुस्तके नसती तर त्या संघटनेकडे शिकवायला फारसे नवे काही नव्हते. संघटना नसती तर पुस्तकांवरची बंदी टिकली असती.

इमारत नसलेले विद्यापीठ

युरोपातली पहिली विद्यापीठे कोणी राजाने कोनशिला बसवून सुरू केली नाहीत. इटलीतले बोलोन्या विद्यापीठ स्वतःचे स्थापनावर्ष १०८८ सांगते, पण ते एकोणिसाव्या शतकात एका समितीने सोयीसाठी ठरवलेले आहे. खरी गोष्ट अशी की, रोमन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात करून घेतलेला कायद्याचा प्रचंड संग्रह अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत पुन्हा अभ्यासला जाऊ लागला आणि तो समजावून सांगणारे पंडित बोलोन्यात होते. त्यांच्याकडे आल्प्सपलीकडून तरुण शिकायला येऊ लागले. हे परके तरुण. त्यांना स्थानिक कायद्याचे संरक्षण नाही, घरमालक मनाला येईल ते भाडे मागणार. म्हणून सुतार, विणकर जसे आपले संघ करत, तसे या विद्यार्थ्यांनी आपले संघ केले. बोलोन्यात प्राध्यापकांना पैसे विद्यार्थी देत, म्हणून सत्ताही विद्यार्थ्यांची. प्राध्यापक उशिरा आला तर त्याला दंड, परवानगीशिवाय गाव सोडले तर दंड, ठरलेल्या मुदतीत ठरलेला भाग शिकवून झाला नाही तर दंड. संघाचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, हा विद्यार्थीच असे.

पॅरिसमध्ये उलटे घडले. तिथला संघ अध्यापकांचा होता. बाराव्या शतकात नोत्र दामच्या कॅथेड्रलची शाळा प्रसिद्ध होती आणि सीन नदीच्या डाव्या तीरावर पीटर अ‍ॅबेलार्डसारखे तर्कपटू स्वतंत्रपणे शिकवत. शिकवण्याचा परवाना देण्याचा हक्क मात्र कॅथेड्रलच्या चॅन्सेलरकडे होता. हा एकटा अधिकारी पाहिजे त्याला परवाना देई, नको त्याला अडवून धरी. त्याला तोंड द्यायचे तर एकत्र येणे भाग होते. अध्यापक एकत्र आले, त्यांनी नियम केले, शपथा घेतल्या आणि आपल्यात नवा सदस्य कोणी यायचे हे आपण ठरवू असे सांगायला सुरुवात केली.

१२०० साली एका गुत्त्यातल्या भांडणाने या संघाला पहिले मोठे हत्यार मिळवून दिले. एका जर्मन विद्यार्थ्याच्या नोकरावरून मारामारी जुंपली, गुत्तेवाल्याला बेदम मार बसला आणि मग शहराचा प्रमुख अधिकारी नागरिकांना घेऊन जर्मन विद्यार्थ्यांच्या निवासावर चालून गेला. त्यात काही जण ठार झाले. आम्ही पॅरिस सोडून जातो, असे अध्यापकांनी सुचवताच राजा फिलिप ऑगस्टस गडबडला. विद्यार्थी गेले तर भाडे, दारू, पाव, चर्मपत्र यांवर जगणारे अर्धे डावे तीर ओस पडले असते. राजाने सनद दिली : यापुढे विद्यार्थ्याला राजाचे शिपाई नव्हे, धर्मन्यायालय हाताळील.

या प्रसंगातला मुख्य मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तेव्हाच्या विद्यापीठाकडे ना इमारत होती, ना ग्रंथालय, ना जमीनजुमला. वर्ग भाड्याच्या खोल्यांत भरत. कला शाखेचे वर्ग ज्या गल्लीत भरत तिचे नावच गवताची गल्ली, कारण मुले जमिनीवर पसरलेल्या वाळल्या गवतावर बसून ऐकत. दरिद्री वाटणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात फार बळाची होती. ज्याच्याकडे हलवण्यासारखे काही नाही, तो एका आठवड्यात गाव सोडू शकतो.

चौदाव्या वर्षापासून पस्तिसाव्यापर्यंत

मुलगा साधारण चौदा-पंधरा वर्षांचा असताना येई. लॅटिन वाचता-बोलता येणे एवढीच खरी अट, कारण सगळे शिक्षण लॅटिनमधून. आल्यावर त्याने एखाद्या अध्यापकाच्या पटावर नाव घालायचे. गुरूविना विद्यार्थी हा विद्यार्थीच नव्हे, असा नियम होता. मग कला शाखेचा अभ्यास. इथे कला म्हणजे चित्र-शिल्प नव्हे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन भाषाविद्या आणि अंकगणित, भूमिती, ज्योतिष व संगीत या चार गणिती विद्या, अशी ही सात अंगे. कागदावर सात असली तरी पॅरिसमध्ये राज्य तर्कशास्त्राचे होते.

१२१५ मध्ये पोपचा दूत रॉबर्ट द कूर्सों याने पॅरिससाठी नियम लिहून दिले. कला शाखेत शिकवायचे असेल तर वय निदान एकवीस हवे आणि सहा वर्षे अभ्यास झालेला हवा. धर्मशास्त्र शिकवायचे असेल तर वय पस्तीस. कला शाखा ही पायरी होती. ती ओलांडल्यावर धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक यांपैकी एक धरायचे. बहुतेक मुले इतक्या वर पोहोचतच नसत. दोन-चार वर्षे ऐकून, पदवी न घेता ती घरी जात आणि कुठेतरी कारकुनी किंवा पाद्रीपण करत.

शिकवण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिला वाचनाचा. अध्यापक ग्रंथातला उतारा वाची, त्याचे भाग पाडी, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगे आणि कठीण जागी थांबे. किती वेगाने बोलायचे यावर भांडणे होत. विद्यार्थ्यांना शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा असे. १३५५ मध्ये पॅरिसच्या कला शाखेने ठराव केला की समोर कोणी लिहीत नाही असे समजून अध्यापकाने ओघात बोलावे. या ठरावाला जे विद्यार्थी आरडाओरडा करून, शिट्ट्या मारून किंवा दगड फेकून विरोध करतील त्यांना शिक्षा होईल, हेही त्यात लिहिले आहे. वर्गात काय चालत असेल ते यावरून कळते.

दुसरा प्रकार वादाचा. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धांत असा क्रम असतो, तसाच तिथेही होता. अध्यापक एक प्रश्न मांडी. उदाहरणार्थ : जग अनादि आहे काय? मग ‘होय’ म्हणणारी प्रमाणे मांडायची. त्यानंतर ‘नाही’ म्हणणारी. ज्येष्ठ विद्यार्थी आक्षेपांना उत्तरे देई आणि शेवटी, बहुधा दुसऱ्या दिवशी, अध्यापक निर्णय सांगून प्रत्येक विरोधी मुद्द्याचा एकेक करून समाचार घेई. या पद्धतीत एक गंमत दडलेली होती. जे मत चूक ठरवायचे आहे ते आधी शक्य तितक्या जोरकसपणे मांडावे लागे. ज्या पुस्तकाला विरोध करायचा ते पुस्तक नीट वाचल्याशिवाय वादात उभेच राहता येत नसे.

पुस्तके चर्मपत्रावर हाताने लिहिलेली, म्हणजे महाग. त्यावर तेराव्या शतकात एक नामी उपाय निघाला. विद्यापीठाने मान्यता दिलेल्या ग्रंथविक्रेत्याकडे ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत न शिवता, सुट्या जुड्यांच्या रूपात असे. एक जुडी साधारण चार पानांची. विद्यार्थी किंवा लेखनिक ठरलेले भाडे देऊन एक जुडी नेई, उतरवी, परत करी आणि पुढची घेई. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या जुड्या एकाच वेळी अनेकांच्या हातात असत. भाडे विद्यापीठ ठरवी. धोकाही उघड होता : एका जुडीत चूक राहिली तर ती त्या जुडीवरून झालेल्या प्रत्येक प्रतीत उतरे. आजचे संशोधक अशा सामायिक चुकांवरूनच कोणती प्रत कोणत्या जुडीवरून झाली ते ओळखतात.

एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे

या वर्गांत वाचायला काय होते? पश्चिम युरोपात अ‍ॅरिस्टॉटलचे नाव सगळ्यांना ठाऊक होते, पण सहाव्या शतकात बोएथियसने लॅटिनमध्ये आणलेली तर्कशास्त्राची दोन छोटी पुस्तकेच प्रत्यक्ष वापरात उरली होती. गती म्हणजे काय, आकाश कशाचे बनले आहे, प्राणी कसे जन्मतात, आत्मा आणि शरीर यांचा संबंध काय, यांवरचे त्याचे ग्रंथ लॅटिन वाचकाला अप्राप्य होते. हेच ग्रंथ नवव्या शतकातल्या बगदादमध्ये मात्र उपलब्ध होते. तिथे हुनैन इब्न इसहाक आणि त्याचा मुलगा इसहाक यांनी ग्रीक ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले. पुढे इब्न सीना आणि कॉर्दोबाचा इब्न रुश्द यांनी त्या विचारांवर स्वतःची भर घातली, भाष्ये लिहिली. लॅटिन जगाने या दोघांना अ‍ॅविसेना आणि अ‍ॅव्हेरोज अशी नावे दिली.

१०८५ मध्ये कॅस्तिलच्या राजाने स्पेनमधले तोलेदो शहर मुसलमान सत्ताधीशाकडून घेतले. शहरात अरबी पुस्तके होती. अरबी बोलणारे ख्रिस्ती होते, ज्यू पंडितही होते. बाराव्या शतकात तिथे भाषांतरकार जमू लागले. त्यांतला सर्वांत मोठा क्रेमोनाचा जेरार्ड. टॉलेमीचा ‘आल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्रावरचा ग्रंथ लॅटिनमध्ये मिळत नाही म्हणून तो इटलीतून तोलेदोला आला, तिथले ग्रंथभांडार पाहून अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत भाषांतरे करत राहिला. त्याच्या शिष्यांनी मागाहून केलेल्या यादीत सत्तरहून अधिक ग्रंथ आहेत. त्यांत युक्लिडची भूमिती आहे, इब्न सीनाचा वैद्यकावरचा महाग्रंथ आहे आणि अ‍ॅरिस्टॉटलचे गती आणि आकाश यांवरचे ग्रंथही आहेत.

भाषांतर प्रत्यक्षात कसे होई, हे इब्न सीनाच्या आत्म्यावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलेले आहे. अव्हेनदाउथ नावाचा ज्यू पंडित अरबी ग्रंथ समोर ठेवून एकेक शब्द स्थानिक बोलीत तोंडाने सांगत जाई आणि शेजारी बसलेला धर्मोपदेशक दोमिनिकुस गुंदिसालिनुस तो लॅटिनमध्ये लिहीत जाई. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचे एखादे वाक्य ग्रीकमधून कधी सिरियाकमार्गे अरबीत, अरबीतून तोंडी स्पॅनिश बोलीत आणि तिथून लॅटिनमध्ये असा प्रवास करून पॅरिसच्या विद्यार्थ्यासमोर येई. इतक्या उड्या मारताना वाक्य थोडे लंगडणारच. पण याच वाटेने त्याच्यासोबत अरबी भाष्यकारही आले, आणि भाष्याशिवाय अ‍ॅरिस्टॉटलची आखूड, गुंतागुंतीची वाक्ये कोणालाही उलगडली नसती. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की इब्न रुश्द समजला जाई, तसे नुसते ‘तत्त्वज्ञ’ म्हटले की अ‍ॅरिस्टॉटल.

याच वाटेने भारताचीही एक देणगी पॅरिसला पोहोचली. नऊ अंक आणि शून्य यांनी आकडेमोड करण्याची भारतीय रीत अल्-ख्वारिझ्मीने अरबीत लिहिली आणि बाराव्या शतकात तिचे लॅटिन भाषांतर झाले. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या साक्रोबोस्कोने त्या रीतीवर सोपे पाठ्यपुस्तक लिहिले. रोमन आकड्यांत गुणाकार-भागाकार करण्याचा छळ विद्यार्थ्याच्या मागून सुटला तो या पुस्तकामुळे. त्याच्यावर कोणी बंदी घातली नाही, कारण आकडे आत्म्याविषयी काही बोलत नाहीत.

दोन वर्षांचा संप

अ‍ॅरिस्टॉटल मात्र बोलत होता. जग कधी सुरू झाले नाही, ते नेहमीच होते, असे त्याचे म्हणणे. बायबल म्हणते, देवाने ते निर्माण केले. त्याचे भाष्यकार आणखी पुढे जात. विचार करणारी बुद्धी सर्व माणसांत मिळून एकच आहे, असे इब्न रुश्दचे मत पॅरिसमध्ये समजले गेले. ते खरे असेल तर मेल्यानंतर माणसागणिक वेगळा आत्मा उरत नाही, आणि मग स्वर्ग-नरकाचा निवाडा कोणाचा करायचा? १२१० च्या बंदीमागची भीती अशी नेमकी होती. १२१५ च्या नियमांनी तिला दुजोरा दिला : अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र शिकवा, निसर्गविषयक ग्रंथ नकोत.

पण बंदी फक्त पॅरिसपुरती होती. इंग्लंडात ऑक्सफर्डला ती लागू नव्हती. पॅरिसमध्येही बंदी शिकवण्यावर होती. खोलीत बसून कोण काय वाचतो हे तपासायला कोणी येत नव्हते. आणि मग १२२९ मध्ये पुन्हा एका गुत्त्याने इतिहासाला वळण दिले.

उपवासाचा काळ सुरू होण्याआधीचे सणाचे दिवस होते. सेंट मार्सेल भागात काही विद्यार्थ्यांचे दारूच्या पैशांवरून भांडण झाले आणि त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी टोळीने सोटे आणि तलवारी घेऊन परतले, गुत्ता फोडला, दिसेल त्याला मारले. राजा नववा लुई अजून अज्ञान होता. कारभार पाहणाऱ्या राणी ब्लांशने शिक्षेचा हुकूम दिला. शिपाई तटाबाहेर गेले आणि त्यांच्या हाती सापडली ती भांडणाशी संबंध नसलेली, खेळत असलेली मुले. कित्येक जण मेले. अध्यापकांनी वर्ग बंद केले, दाद मागितली आणि ती न मिळाल्यावर ते खरोखरच निघून गेले. काही ऑक्सफर्ड-केंब्रिजला, काही ऑर्लेआं आणि आंजेला, काही दक्षिणेत तुलूझला.

तुलूझचे विद्यापीठ तेव्हा नुकतेच निघाले होते आणि त्याला अध्यापक-विद्यार्थी हवे होते. तिथल्या अध्यापकांनी सगळ्या विद्याकेंद्रांना पत्र धाडले. त्यात शहराची हवा आणि स्वस्ताई यांच्या वर्णनाबरोबर एक वाक्य होते : पॅरिसमध्ये बंदी असलेले निसर्गविषयक ग्रंथ इथे ऐकायला मिळतील. हे विद्यापीठ स्थापन झाले होते पाखंड मोडून काढण्यासाठी, पोपच्या पाठबळाने! बंदी घातलेले पुस्तक जाहिरातीत वापरण्याचा हा बहुधा विद्यापीठांच्या इतिहासातला पहिला प्रसंग. पॅरिसला यातून स्पष्ट निरोप मिळाला. बंदी चालू ठेवायची तर विद्यार्थी दुसरीकडे जाणार.

१२३१ मध्ये पोप नवव्या ग्रेगरीने तोडगा काढला. तो स्वतः पॅरिसला शिकलेला होता. त्याच्या आज्ञापत्राने अध्यापकांना नियम करण्याचा हक्क दिला. संघाच्या माणसावर अत्याचार झाला आणि ठरल्या मुदतीत न्याय मिळाला नाही तर वर्ग बंद करण्याचा हक्कही दिला. संप आता कायदेशीर झाला. ग्रंथांबाबत पोपने लिहिले की ते तपासून, चुकांपासून शुद्ध होईपर्यंत वापरू नयेत. त्यासाठी तिघांची समिती नेमली. तिच्यातला प्रमुख धर्मशास्त्री, ओसेरचा विल्यम, त्याच वर्षी वारला आणि समितीचे शुद्धीकरण कधीच बाहेर आले नाही. ‘तपासेपर्यंत बंदी’ ही बंदी अशी असते की तपासणाराच नसला तर तिची आठवण हळूहळू कोणालाच राहत नाही. १२४० च्या दशकात पॅरिसमध्ये हे ग्रंथ शिकवले जात होते.

वेळापत्रक

१२५५ च्या नियमावलीत मग काय आहे? अध्यापनाचे वर्ष १ ऑक्टोबरच्या सणाला सुरू धरले आहे आणि मोठ्या ग्रंथांना त्या वर्षातला बराचसा काळ दिला आहे. छोट्यांचे आठवडे मोजून दिले आहेत. इंद्रियसंवेदनांवरच्या पुस्तकाला सहा आठवडे, झोप आणि जागृतीवरच्याला पाच, स्मरणशक्तीवरच्याला दोन, जीवन आणि मृत्यूवरच्याला एक. ‘कारणांचा ग्रंथ’ सात आठवडे, ‘वनस्पतींचा ग्रंथ’ पाच.

यांतले शेवटचे दोन ग्रंथ अ‍ॅरिस्टॉटलचे नाहीतच. वनस्पतींवरचे पुस्तक दमास्कसच्या निकोलसचे. ‘कारणांचा ग्रंथ’ हा अथेन्सच्या प्रोक्लस या पाचव्या शतकातल्या तत्त्वज्ञाच्या लेखनावरून अरबीत तयार झालेला, जेरार्डने लॅटिनमध्ये आणलेला आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपलेला. पॅरिसचे विद्यार्थी सात आठवडे भलत्याच माणसाचे विचार अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणून घोकत होते. ही चूक कशी उघडकीस आली ते पाहण्यासारखे आहे. मोर्बेकेचा विल्यम हा फ्लेमिश डोमिनिकन साधू ग्रीक शिकला होता आणि अरबीची वाट टाळून थेट ग्रीकमधून भाषांतरे करत होता. १२६८ मध्ये त्याने प्रोक्लसच्या मूळ ग्रंथाचे लॅटिन भाषांतर पुरे केले. ते थॉमस अक्वायनसच्या हाती पडले. त्याने दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली आणि ‘कारणांचा ग्रंथ’ यातूनच उचलला आहे हे ओळखले. एका भाषांतराने आणलेला गैरसमज दुसऱ्या भाषांतराने काढला.

२१९ विधाने

ग्रंथ आले, पण भांडण मिटले नाही. ते आता वर्गाच्या आत आले. कला शाखेतले काही अध्यापक, त्यांत ब्राबांचा सिजेर प्रमुख, म्हणू लागले की आमचे काम अ‍ॅरिस्टॉटल काय म्हणतो ते सांगणे, ते धर्माशी जुळते की नाही हे पाहणे आमचे काम नव्हे. १२७० मध्ये पॅरिसचा बिशप एतिएन तांपिए याने तेरा मते निषिद्ध ठरवली. जग अनादि आहे हे त्यांत होते आणि सर्वांची बुद्धी एकच आहे हेही.

अक्वायनसने काढलेली वाट पाहिली म्हणजे वादपद्धतीची ताकद कळते. बुद्धी एकच असल्याच्या मताविरुद्ध त्याने १२७० मध्ये पुस्तिका लिहिली. तिच्यात बायबलचा आधार न घेता अ‍ॅरिस्टॉटलच्याच वाक्यांवरून दाखवले की इब्न रुश्दने अ‍ॅरिस्टॉटल चुकीचा वाचला. जगाच्या आरंभाबद्दल तो म्हणाला की जगाला सुरुवात आहे हे तर्काने सिद्ध होत नाही आणि नाही हेही सिद्ध होत नाही. ती श्रद्धेने मानायची गोष्ट. हे उत्तर दोन्ही बाजूंना चिडवणारे होते.

७ मार्च १२७७ रोजी तांपिएने पुन्हा यादी काढली. या वेळी २१९ विधाने. अक्वायनसला वारून बरोबर तीन वर्षे झाली होती आणि त्याच्या मतांशी मिळतीजुळती काही विधानेही त्या यादीत सापडली. यादीतला एक धागा असा : देव अनेक जगे निर्माण करू शकत नाही, असे म्हणणे निषिद्ध. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते अनेक जगे अशक्यच होती. आता बिशपनेच सांगितले की देवाला काही अशक्य म्हणू नका. त्यामुळे अ‍ॅरिस्टॉटलने अशक्य म्हटलेल्या गोष्टींची कल्पना करून पाहायला वाव मिळाला, असे काही इतिहासकार मानतात. आधुनिक विज्ञानाचा जन्मच या यादीतून झाला, हा फ्रेंच इतिहासकार पिएर दुएमचा दावा मात्र बहुतेकांना पटलेला नाही.

या यादीनेही अ‍ॅरिस्टॉटल अभ्यासक्रमातून गेला नाही. निषिद्ध होती ती विधाने, ग्रंथ नव्हेत. १३२५ मध्ये पॅरिसच्या बिशपने अक्वायनसच्या शिकवणीला लागू होईल तेवढा निषेध मागे घेतला. १३६६ मध्ये पोपच्या कार्डिनलांनी पॅरिसच्या अभ्यासक्रमाची फेररचना केली, तेव्हा शिकवण्याचा परवाना हवा असेल तर अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ ऐकलेले असलेच पाहिजेत, अशी अट घातली. दीडशे वर्षांपूर्वी चर्चने ज्यासाठी बहिष्काराची शिक्षा ठेवली होती, ते आता चर्चनेच पदवीची पूर्वअट केले.

या कथेचा निकाल काय लावायचा? बंदी उठवा, असा युक्तिवाद जिंकून कोणी बंदी उठवली नाही. संघटित अध्यापक गाव सोडू शकत होते, शेजारचे गाव त्यांना घ्यायला तयार होते आणि वादपद्धतीने विरोधकालाही तीच पुस्तके वाचायला लावली. एवढ्याने काम झाले. पण सक्तीलाही तिचे दोष असतात. १६२४ मध्ये पॅरिसमध्ये काही जणांनी अ‍ॅरिस्टॉटलविरुद्ध जाहीर वाद ठेवला, तेव्हा तिथल्या पार्लमेंट या न्यायालयाने तो होऊ दिला नाही आणि मान्यताप्राप्त प्राचीन ग्रंथकारांच्या विरुद्ध शिकवणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली. ज्याला शिकवले म्हणून १२१० मध्ये शिक्षा होती, त्याला खोडून काढले म्हणून १६२४ मध्ये शिक्षा ठरली. दोन्ही हुकूम एकाच शहरातले आहेत.